विक्रीनंतरचं पहिलं वर्ष: तिमाही आढावा कसा घ्यावा आणि त्यातून पुढची विक्री कशी निघते

मोठा ग्राहक सोडून जातो तेव्हा सहसा भांडण होत नाही. आधी त्याच्या तक्रारी कमी होतात. मग बैठकीला वरचे साहेब येईनासे होतात, मेलची उत्तरं रेंगाळतात, आणि कराराचं नूतनीकरण तोंडावर आलं की परचेसने आणखी दोघांकडून कोटेशन मागवल्याचं कानावर येतं. याच्या अगदी उलट प्रकारही असतो: पुरवठादाराचा माणूस नेमाने भेटायला येतो, पण दर भेटीत त्याच्या बॅगेत नवं कॅटलॉग असतं. तो आला की लोक घड्याळाकडे बघायला लागतात.

या दोन्हींतून वाट काढायची तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. ठरलेल्या दिवशी आढावा घ्यायचा आणि त्या आढाव्यात काहीही विकायचं नाही. पुढच्या विक्रीची गरज आढाव्यातल्या आकड्यांतूनच दिसते, पण प्रस्ताव मांडायची जागा आणि वेळ निराळी असते. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, तुमची कंपनी कारखान्यांना एअर कॉम्प्रेसर पुरवते. ग्राहकाचा पॅकेजिंगचा कारखाना आहे. त्याच्याकडे 75 किलोवॅटचा एक जुना स्क्रू कॉम्प्रेसर होता आणि तुम्ही त्याच क्षमतेचा दुसरा दिला. दोन्हींचा देखभालीचा करारही तुमच्याकडेच आहे. तुम्ही सॉफ्टवेअर विकत असाल किंवा मालवाहतूक करत असाल, तरी पायऱ्या याच राहतात. फक्त मोजायच्या गोष्टी बदलतात.

पहिला महिना: सुरुवातीचा आकडा लिहून घ्या

ऑर्डर मिळाली की विक्रीचा माणूस पुढच्या ग्राहकाकडे वळतो आणि खातं सांभाळणारा नवा माणूस येतो. ग्राहकाला दिलेले शब्द नेमके इथेच गळून पडतात. म्हणून हस्तांतराच्या वेळी विक्री करणाऱ्याला समोर बसवून एकच पान लिहून घ्या. ग्राहकाने हे का घेतलं, कोणत्या त्रासाला कंटाळून घेतलं, बोलण्याच्या ओघात आपण काय काय कबूल केलं, आणि फायदा झाला की नाही हे त्याच्याकडे कोण ठरवणार, एवढं त्यात यायला हवं.

मग ते पान घेऊन ग्राहकाकडे जा आणि प्रत्येक हेतूसमोर आजचा आकडा टाका. आपल्या उदाहरणात हेतू दोन आहेत: हवेचा दाब पडून लाइन थांबते ते बंद व्हावं आणि विजेचा खर्च आवाक्यात यावा. तेव्हा सध्या महिन्यात लाइन किती वेळा थांबते आणि कॉम्प्रेसर खोलीचा मीटर महिन्याला किती युनिट दाखवतो, हे नवं मशीन सुरू होण्याआधीच नोंदवायला हवं. ही नोंद नंतर करता येत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही "थांबण्याचं प्रमाण खूप कमी झालं" म्हणाल आणि समोरून "पूर्वीही फारसं नव्हतं" असं उत्तर येईल. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसेल. लोक जुना त्रास पटकन विसरतात, एवढंच.

माणसं ओळखा

सही करणारा, वापरणारा आणि बिल मंजूर करणारा बहुधा वेगवेगळे असतात. कारखान्यात मशीनशी रोजचा संबंध मेन्टेनन्सचा. दाब पडला की बोलणी खातो प्रॉडक्शन मॅनेजर. दर ठरवतं परचेस, विजेचं बिल बघतो अकाउंट्स, आणि शेवटचा शब्द प्लांट हेडचा. यातल्या किमान तिघांशी तुमची स्वतंत्र ओळख हवी. सगळा संबंध एकाच माणसावर टेकलेला असला आणि त्याची बदली झाली, तर नव्याने येणाऱ्यासाठी तुम्ही फक्त यादीतला एक पुरवठादार उरता.

प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कशाची चिंता आहे ते एका वाक्यात लिहून ठेवा. ही नोंद तुमच्यापुरती असते आणि दर तिमाहीला ती बदलते.

किती वेळा भेटायचं

महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा कामकाजाचा फोन मेन्टेनन्सशी: उघड्या तक्रारी, येऊ घातलेली सर्व्हिसिंग, लागणारे सुटे भाग. तीन महिन्यांतून एकदा तासाभराचा आढावा, त्यात प्रॉडक्शन आणि प्लांट हेडही हवेत. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या वरिष्ठांची भेट. हा क्रम फक्त निवडक खात्यांसाठी आहे. तो नीट पाळायचा तर एका माणसाला अशी आठ-दहा खातीही पुष्कळ होतात, आणि सगळ्याच ग्राहकांना लावायला गेलात तर सगळ्यांचाच आढावा उरकून टाकला जातो.

तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा. "पुढच्या आठवड्यात वेळ आहे का?" असं दर वेळी विचारावं लागलं की ती बैठक तुमच्या सोयीची वाटते. कॅलेंडरवर आधीच पडलेली बैठक त्यांच्याही कामाचा भाग होते.

बैठकीआधीचे दोन आठवडे

आढाव्याचं खरं काम इथेच होतं. दोन आठवडे आधी तिमाहीच्या तक्रारी काढा: किती आल्या, माणूस पोचायला किती तास लागले, एकच तक्रार पुन्हा आली का. मशीनच्या कंट्रोलरमधून एकूण चालू तास आणि लोडवरचे, म्हणजे प्रत्यक्ष हवा भरण्याचे, तास उतरवून घ्या. मग मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरला आणि मेन्टेनन्सच्या माणसाला वेगळं भेटा. कोरड्या अहवालापेक्षा त्यांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात जास्त सापडतं.

आकडे गोळा करताना तुमची एखादी चूक समोर आली, म्हणजे सुटा भाग चार दिवस उशिरा पोचला असं काही, तर ती बैठकीत पहिल्यांदा उघड होऊ देऊ नका. आधीच फोन करून सांगा आणि काय दुरुस्त केलं तेही सांगा. प्लांट हेडसमोर ग्राहकाच्या मेन्टेनन्स प्रमुखाला अवघडल्यासारखं झालं, तर तो पुढच्या वेळी तुमची बाजू घेणार नाही. शिवाय आढाव्याची पानं दोन दिवस आधी पाठवा. पाच पानं खूप झाली. चाळीस स्लाइडची बैठक हा आढावा नसतो, ती सगळ्यांनी मिळून सोसायची गोष्ट असते.

समाधान मोजण्याच्या गुणांबद्दलही इथेच सांगतो. 2003 मध्ये पुढे आलेला नेट प्रमोटर स्कोअर अनेक कंपन्या वापरतात: आमची शिफारस कराल का, याला 0 ते 10 गुण, 9-10 देणारे समर्थक, 6 किंवा त्याहून कमी देणारे नाराज, आणि दोन्हींच्या टक्केवारीतला फरक म्हणजे स्कोअर. हजारो ग्राहक असतील तर त्याचा उपयोग आहे. पण एका खात्यात उत्तर देणारी माणसं पाच असली आणि त्यातल्या एकाने 9 ऐवजी 6 दिले, तर स्कोअर एकदम 40 अंकांनी खाली येतो. त्या आकड्याचा आलेख काढण्यापेक्षा त्या एकाला फोन करा.

बैठकीतला तास

पहिली पंधरा मिनिटं ग्राहकाची. "गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडे काय बदललं आणि पुढच्या सहा महिन्यांत काय येतंय?" एवढा एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. पुढच्या विक्रीचं बीज जवळजवळ नेहमी या उत्तरात असतं. म्हणूनच तिथे तोंड उघडायचा मोह होतो आणि म्हणूनच तो आवरायचा. शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

त्यानंतर गेल्या बैठकीत कबूल केलेली कामं, एकेक करून, झाली की नाही. झालं नसेल तर "नाही" म्हणायचं आणि नवी तारीख द्यायची. मग सुरुवातीच्या आकड्यांशी तुलना: तेव्हा महिन्यात लाइन सहा वेळा थांबायची, या तिमाहीत एकूण दोनदा. यातली एक वेळ आपल्यामुळे आली असेल तर तेही त्यातच. शेवटी पुढच्या तिमाहीची कामं, आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. त्यात ग्राहकाच्या वाट्याचीही कामं असू द्या. सगळी कामं तुमच्याच अंगावर पडत असतील तर ग्राहकाचा त्या बैठकीत जीव अडकलेला नाही असं समजा.

बैठकीची टिपणं दुसऱ्या दिवसापर्यंत गेली पाहिजेत. आठवड्याने गेलेली टिपणं कोणी उघडत नाही.

उदाहरण: तिसरं मशीन मागणारा ग्राहक

आता आपल्या कारखान्याच्या तिसऱ्या आढाव्यात शिरू. पहिल्या पंधरा मिनिटांत प्रॉडक्शन मॅनेजर सांगतो, "चार महिन्यांनी नवी पॅकिंग लाइन येतेय. तिला मिनिटाला 4 घनमीटर हवा लागेल. आताच गर्दीच्या वेळी दाब कमी पडतो. तिसरा कॉम्प्रेसर घ्यावा लागणार, कोटेशन पाठवून द्या."

ग्राहक स्वतःहून मागतोय म्हटल्यावर बहुतेक जण तिथल्या तिथे हो म्हणतील. पण आकडे पाहा. दोन्ही मशीनची मिळून क्षमता मिनिटाला 26 घनमीटर, प्रत्येकाची 13. सध्याची सरासरी मागणी 20 आणि गर्दीच्या वेळची 25. नवी लाइन धरली तर गर्दीच्या वेळी 29 लागतील. कागदावर तिसऱ्या मशीनची गरज सिद्ध होते. फक्त ही मागणी म्हणजे खरा वापर अधिक गळती आहे, आणि जुन्या पाइपलाइनमध्ये एकूण हवेच्या 20 ते 30 टक्के गळती सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणून उत्तर असं द्यायचं: "कोटेशन देतो, पण त्याआधी सुट्टीच्या दिवशी एक तास द्या, गळती मोजू." मोजायची रीत सोपी आहे. उत्पादन पूर्ण बंद असताना एकच मशीन चालू ठेवायचं. हवा कोणी वापरत नाही, तरी दाब उतरतो आणि मशीन लोडवर जातं, दाब भरला की अनलोड होतं, म्हणजे हवा न देता नुसतं फिरत राहतं. या दोन्ही वेळा घड्याळ लावून काही फेऱ्यांपर्यंत मोजायच्या. लोडची वेळ भागिले एकूण वेळ म्हणजे त्या मशीनच्या क्षमतेचा जितका हिस्सा गळतीत जातो तो. इथे मशीन 3 मिनिटं लोडवर आणि 5 मिनिटं अनलोड राहिलं. 8 पैकी 3, म्हणजे 37.5 टक्के. 13 घनमीटरच्या मशीनवर ती मिनिटाला जवळपास 4.9 घनमीटर गळती झाली, नव्या लाइनच्या गरजेहूनही जास्त.

हा आकडा सांगितला की तुमच्या हातची मशीनची ऑर्डर त्या तिमाहीपुरती जाते. तरी सांगायचा. पुढे कधीतरी मेन्टेनन्सच्या कोणी ही चाचणी केलीच, तर तुम्ही गरज नसलेलं मशीन विकलंत हे त्यांना कळेल आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मग गळतीच्या जागा शोधायच्या. हवा निसटताना कानाला ऐकू न येणारा आवाज होतो, तो अल्ट्रासोनिक डिटेक्टरने पकडता येतो. त्यामुळे हे काम उत्पादन चालू असतानाही होतं. प्रत्येक जागी टॅग लावायचा, कपलिंग, होस, ड्रेन व्हॉल्व्ह अशी यादी करायची आणि दुरुस्ती ग्राहकाच्याच माणसांना करू द्यायची. दुरुस्तीनंतर पुन्हा तीच चाचणी घेतली तेव्हा मशीन 1 मिनिट लोडवर आणि 6 मिनिटं अनलोड राहिलं, म्हणजे गळती सुमारे 1.9 घनमीटरवर आली. 3 घनमीटर सुटले. नव्या लाइनसह गर्दीच्या वेळची मागणी 26, म्हणजे बरोबर क्षमतेएवढी.

लाइन सुरू होईल, पण हाताशी शिल्लक काहीच नाही आणि एखादं मशीन बंद पडलं तर अडचण. हेही चाचणीचे आकडे दाखवतानाच बोलून टाकायचं. त्यात काही विकायचं नसतं, ती फक्त ग्राहकाने जाणून घ्यायची जोखीम असते.

मग विक्री कुठे झाली?

दोन तिमाहींनी. नवी लाइन सुरू झाल्यावर सरासरी मागणी 21 वर स्थिरावली. पहिलं मशीन पूर्ण 13 देतं आणि उरलेले 8 दुसरं. पण दुसऱ्याची क्षमता 13 आहे, म्हणून ते जवळपास 38 टक्के वेळ अनलोड चालतं. स्थिर वेगाचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड असतानाही पूर्ण भाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खातो आणि त्या बदल्यात हवा काहीच देत नाही. वर्षाला 6,000 तास कारखाना चालतो असं धरलं, तर अनलोडचे सुमारे 2,300 तास होतात. त्या वेळी 20 किलोवॅट जरी धरले तरी 46,000 युनिट वाया जातात.

आढाव्यात हा आकडा फक्त दाखवायचा. "हे काय करता येईल?" असं प्लांट हेडने विचारलं की उत्तर एका वाक्यात: "दोन-तीन पर्याय आहेत, मांडून आणतो." बस्स. त्यानंतर आधी मेन्टेनन्स प्रमुखाशी एकांतात बोलायचं, कारण मशीन सांभाळायचं त्याला आहे आणि त्याचा नकार असेल तर तो आधीच कळलेला बरा. मग वेगळ्या बैठकीत प्रस्ताव: ग्राहकाचं जुनं मशीन काढून तिथे मागणीप्रमाणे वेग बदलणारं, थोड्या मोठ्या क्षमतेचं 90 किलोवॅटचं मशीन. 16 घनमीटर धरले तर एकूण क्षमता 29 होते, म्हणजे 3 घनमीटर शिल्लक हाताशी येतात आणि अनलोडचा अपव्ययही बराचसा थांबतो.

प्रस्तावात पर्याय खरे असावेत. पहिला पर्याय काहीच न करण्याचा, त्याची वार्षिक किंमत युनिटमध्ये लिहून. दुसरा, हवेची मोठी टाकी बसवण्याचा, त्याने चढ-उतार काहीसे सुसह्य होतात. तिसरा, नव्या मशीनचा. मर्यादाही तिथेच लिहायची: बदलत्या वेगाच्या मशीनच्या ड्राइव्हमध्ये थोडी वीज जाते, त्यामुळे ते सतत पूर्ण भारावर चालवलं तर फायदा होत नाही, उलट किंचित तोटा. म्हणून ते चढ-उतार झेलायला आणि स्थिर वेगाचं मशीन कायमच्या मागणीला, अशी मांडणी. बचतीची रक्कम अकाउंट्सला त्यांच्याच वीजदराने काढू द्या. तुमच्या सेल्स शीटवरच्या बचतीपेक्षा स्वतः केलेल्या हिशेबावर माणसाचा जास्त भरवसा बसतो.

प्रस्ताव काढण्याआधी तीन प्रश्न

आधी विकलेल्या गोष्टीचा फायदा आकड्याने दिसला का? एखादी गंभीर तक्रार अजून उघडी आहे का? आणि ही गरज ग्राहकाच्या तोंडून, त्याच्या शब्दांत आली आहे का? पहिल्या आणि तिसऱ्याला "हो" आणि दुसऱ्याला "नाही" असेल तरच पुढे जा. माझ्या मते यातला दुसरा प्रश्न सर्वांत जास्त वेळा डावलला जातो, कारण तक्रार सर्व्हिस खात्याच्या रजिस्टरात असते आणि टार्गेट विक्रीच्या. तिमाहीचे शेवटचे दहा दिवस आले की हे दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे प्रस्ताव पाठवण्याआधी सर्व्हिसच्या माणसाची होकाराची मेल घेणं बंधनकारक करणं.

नूतनीकरण आणि नवी विक्री एकाच पाकिटात घालू नका. करार संपायच्या 90 दिवस आधी नूतनीकरणाचं बोलणं सुरू व्हावं आणि ते त्याच विषयापुरतं राहावं. दोन्ही एकत्र केले की परचेस नव्या मशीनचा आधार घेऊन जुन्या कराराचा दर पाडतं, आणि एकाच्या वादात दुसरंही अडकतं.

बिनसतंय हे कसं ओळखावं

सर्वांत आधी उपस्थिती बघा. प्लांट हेड एकदा आला नाही तर कामात असेल. दोनदा आला नाही तर त्याला त्या तासात ऐकण्यासारखं काही मिळत नाही, आणि तेव्हा बैठकीचा विषय बदलायला हवा, आमंत्रणाची भाषा नव्हे. तक्रारी अचानक थांबल्या तरी सावध व्हा. मशीन जुनं होताना तक्रारी शून्यावर येत नसतात. बहुधा कोणीतरी बाहेरून काम करून घेत असतं. तिसरी खूण म्हणजे परचेसकडून सुट्या भागांची दरपत्रकं एकेका भागासाठी वेगळी मागवली जाणं.

असं काही दिसलं तर पुढच्या आढाव्याची वाट न बघता ऑपरेटरकडे जा. खरं कारण वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागतो.

नकार आला तर

नव्या मशीनचा प्रस्ताव "यंदा नाही" म्हणून परत येऊ शकतो. कारण विचारून तेच शब्द लिहून ठेवा आणि एक अट दोघांनी मिळून ठरवा: दुसऱ्या मशीनचं अनलोडचं प्रमाण सलग दोन तिमाही 45 टक्क्यांच्या वर गेलं, किंवा जुन्या मशीनच्या मुख्य युनिटची मोठी दुरुस्ती निघाली, तर विषय पुन्हा काढायचा. ही अट आढाव्याच्या शेवटच्या पानावर एका ओळीत राहू द्या आणि तोवर त्या मशीनचं नाव काढू नका. दरम्यान गळतीची चाचणी दर सहा महिन्यांनी चालू ठेवा. बुजवलेल्या जागा पुन्हा सुटतात आणि नव्या होतात, त्यामुळे 1.9 चा आकडा कोणी लक्ष दिलं नाही तर वर्षभरात परत 3 च्या पुढे गेलेला दिसू शकतो.